ताबा मिळण्याआधीच्या व्याजाचे काय?

मुंब्र्याच्या एका भगिनींनी आम्हाला विचारले आहे की, फ्लॅटच्या कर्जावर वर्षाला दोन लाख रुपये सरकारकडून परत मिळतात, हे खरे का? परत मिळत नाहीत. तेवढी रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते. कर 20 टक्क्यांनी लागत असेल, तर दोन लाखांच्या वजावटीमागे साधारण चाळीस हजारांचा कर वाचतो. व्याजाचे कर्ज घ्यावे की नाही, हे ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. आम्ही फक्त हिशेब सांगतो.

या भगिनी नोकरी करतात, पतीही करतात. फ्लॅट आणि कर्ज दोघांच्या नावे आहे. कर्ज एप्रिल 2022 मध्ये घेतले, ताबा ऑगस्ट 2024 मध्ये मिळाला. इमारत बांधली जात असताना मार्च 2024 पर्यंत त्यांनी तीन लाख व्याज भरले होते. ते बुडाले, असे त्यांना वाटते. तसे नाही. बांधकाम पूर्ण होते त्या आर्थिक वर्षापासून हे व्याज पाच समान भागांत धरता येते, म्हणजे दरवर्षी 60,000. पण मुद्दल त्या काळात फेडले असेल, तर त्याला अशी सोय नाही.

आता 2024-25 चे वर्ष पाहू. चालू व्याज 2,10,000 आणि जुन्याचे 60,000, मिळून 2,70,000. स्वतः राहत असलेल्या घरासाठी कलम 24 खाली एका माणसाला दोन लाखांचीच मर्यादा आहे. एकट्याने मागितले तर 70,000 वाया जातील. दोघे मालक, दोघे कर्जदार आणि हप्ताही दोघे निम्मा निम्मा भरतात, म्हणून प्रत्येकी 1,35,000 वजा होतील. नुसते नाव करारावर असून चालत नाही.

मुद्दल त्या वर्षी 50,000 फिटले. ते कलम 80सी मध्ये जाते. पण तिथे पीएफ आणि विमा आधीच बसलेले असतात आणि सगळे मिळून मर्यादा दीड लाखाची. पतीचा पीएफ 1,08,000, त्यात मुद्दलाचे 25,000 सहज मावतात.

मात्र राहत्या घरासाठी हे सारे जुन्या करपद्धतीतच मिळते. 2023-24 पासून काही न सांगितल्यास नवी पद्धत लागू होते, आणि तिचे दर कमी आहेत. दोन्ही हिशेब मांडून पाहावेत. जुनी स्वस्त पडली, तर विवरणपत्र मुदतीतच भरावे, उशीर झाला की ती निवडता येत नाही.

बँक व्याजाचा दाखला चालू वर्षाचाच देते. 2022-23 आणि 2023-24 चे दाखले वेगळे मागून घ्या, आणि ताबापत्रासोबत पाच वर्षे जपून ठेवा.