आपल्याच पैशाला व्याज?

मृग लागला की वाशिम, रिसोड, मालेगावकडे बियाणे-खतासाठी रोख लागते. पीककर्ज वेळेत मिळाले तर प्रश्नच मिटतो, कारण ते बहुधा सगळ्यांत स्वस्त पडते. ते न मिळालेल्यांच्या नजरेसमोर बँकेतली मुदत ठेव येते आणि घरातले जाणते म्हणतात, "पैसा आपलाच, मग त्यावर बँकेला व्याज का द्यायचे? मोडा पावती."

ऐकायला हे रोखठोक वाटते, पण हिशोबात टिकत नाही. समजा, दोन लाखांची दोन वर्षांची ठेव ७ टक्क्यांनी ठेवली आणि दीड वर्ष झाले. पेरणीला एक लाख हवे, सोयाबीन विकून पाच महिन्यांत परत करायचे. पावती मोडली तर बँक ठरलेला दर देत नाही. ठेव जितका काळ राहिली त्या मुदतीचा, ठेव ठेवतानाचा दर धरते आणि त्यातून अर्धा-एक टक्का दंड कापते. तो दर ६.८ आणि दंड अर्धा टक्का धरला तर हाती ६.३ राहतात. दोन लाखांवर दीड वर्षाचे सुमारे २,१०० रुपये गेले. हवा होता एक लाख, फटका बसला दोन लाखांना.

ठेव न मोडता तिच्यावरच काढलेल्या तारण कर्जाचा दर बहुधा ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो. ८ टक्क्यांनी लाखाचे पाच महिन्यांचे व्याज ३,३३३ रुपये. पण तोच लाख ठेवीत ७ टक्क्यांनी २,९१७ कमावतो. खरा खर्च ४१६.

आता दुसरी बाजूही खोडायला हवी. "फरक एकच टक्का, कर्जच घ्या," असे सर्रास सांगितले जाते. तेही आंधळेपणाचेच. दंड लागतो सरलेल्या दिवसांवर, कर्जाचा फरक लागतो पुढच्या दिवसांवर. वरचीच ठेव दोन महिन्यांपूर्वीची असेल आणि १ लाख ८० हजार पुढचे बावीस महिने हवे असतील, तर एक टक्क्याचा फरकच ३,३०० होतो. मोडली आणि दोन महिन्यांचे व्याज अजिबात मिळाले नाही, तरी तोटा २,३३३. तिथे खुशाल मोडावी.

नोकरदाराने आणखी एक पाहावे: ठेवीच्या व्याजावर प्राप्तिकर लागतो, घरखर्चासाठी काढलेल्या तारण कर्जाच्या व्याजाची मात्र वजावट मिळत नाही. वीस टक्क्यांच्या टप्प्यात ७ चे ५.६ उरतात आणि तो 'एक टक्का' २.४ होतो.

कर्ज काढायचेच तर ओव्हरड्राफ्ट मागावा, म्हणजे उचललेल्या रकमेवर उचललेल्या दिवसांचेच व्याज लागते. कारंजा किंवा वाशिमच्या बाजार समितीत माल विकला की पट्टीचे पैसे आधी त्याच खात्यात भरावेत. भाव वाढेल म्हणून सोयाबीन घरात ठेवले, तर वरच्या हिशोबातले पाच महिने लांबत जातात.