राजीनाम्यानंतरची पगारवाढ

भाच्याने भिवंडीच्या गोदामातल्या नोकरीचा राजीनामा दिला आणि चौथ्या दिवशी मॅनेजरने त्याला केबिनमध्ये बोलावलं. "नवीन कंपनी ३८ हजार देतेय ना? आम्हीही देतो. राजीनामा मागे घे." रात्री त्याचा फोन आला, "खाला, काय करू?"

मी म्हटलं, आधी हो-नाही काहीच बोलू नकोस. आभार मान, दोन दिवस माग आणि सगळं लेखी माग. तोवर राजीनामा मागे घ्यायचा नाही. नोटिशीचे दिवस मोजले जाताहेत, ते जाऊ देत.

पत्र आलं, तेव्हा आम्ही वही घेऊन बसलो. सध्या हातात ३० हजार येत होते. नव्या पत्रात दरमहा वाढ होती फक्त ३ हजारांची. उरलेले महिना ५ हजार, म्हणजे वर्षाचे ६० हजार, 'रिटेन्शन बोनस' म्हणून वर्षाअखेरीस मिळणार होते. शिवाय दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर ते परत करायचे. म्हणजे दरमहा खात्यात येणार ३३ हजारच.

थांबण्याच्या बाजूनेही एक गोष्ट होती, तीही लिहिली. त्याची नोकरी चार वर्षं दोन महिने झाली होती. पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. मूळ पगार १५,६०० धरला तर २६ ने भागून १५ ने गुणल्यावर वर्षाचे ९ हजार, पाच वर्षांचे ४५ हजार. पण तेवढे दहा महिने थांबायचं, तर नव्या जागेच्या मानाने दरमहा ५ हजार, म्हणजे ५० हजार कमी हातात येणार. पैशांचा हिशेब जवळजवळ बरोबरीतच सुटला.

मग मी विचारलं, "राजीनामा लिहिलास त्या दिवशी कारण काय होतं?" तो गप्प झाला. कारण पगार नव्हतंच. दोन वर्षं सतत रात्रपाळी होती आणि आजारी अम्मी रात्री घरात एकटी असायची. पत्रात पाळीबद्दल एक अक्षरही नव्हतं.

त्याने कंपनीला एकच मेल केला: 'दिवसपाळी कोणत्या तारखेपासून मिळेल, ते पत्रात लिहून द्यावं.' उत्तर आलं, 'पुढे बघू.' तारीख मिळाली असती, तर थांबायचा विचार नक्की करता आला असता. मग मात्र नव्या कंपनीला होकार दिला आहे, तो मोडण्याआधी त्यांना लगेच स्वच्छ कळवावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याने लिहिलं: 'आपण विचारलंत, त्याबद्दल आभारी आहे. माझा राजीनामा कायम आहे. शेवटच्या दिवसापर्यंत काम नीट सोपवून देईन.' मॅनेजरवर राग काढला नाही, कारणांची यादीही दिली नाही. अनुभवाचं पत्र आणि शेवटचा हिशेब याच माणसांकडून घ्यायचा होता.