आकड्यात एकोणसत्तर, अक्षरात एकोणसाठ: वसुलीच्या पत्रातली रक्कम, तारीख आणि क्रमांक

वसुलीचं पत्र कसं लिहायचं हे आपण व्हिडिओत पाहिलं. आज त्यातल्या तीनच गोष्टींवर बोलू: रक्कम, तारीख आणि क्रमांक. माझं मत आधीच सांगतो. पत्राची भाषा थोडी साधी असली तरी चालतं, पण या तीन जागा ढिल्या राहिल्या तर समोरच्याला पैसे अडवायला आयतं कारण मिळतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, मरोळला तुमचं खोके बनवण्याचं युनिट आहे आणि मुलुंडच्या एका कंपनीला तुम्ही माल दिलाय. जीएसटी धरून बिल ६९,००० रुपयांचं, त्यातले २०,००० आले. पत्रात तुम्ही लिहिलं: "दि. ०६/०५/२५ च्या बिल क्र. ४७ चे रु. ६९,००० (अक्षरी रुपये एकोणसाठ हजार) पैकी २०,००० मिळाले, बाकी लवकर द्यावी."

एकोणसत्तर म्हणजे ६९ आणि एकोणसाठ म्हणजे ५९. "एकोण" म्हणजे पुढच्या दशकाला एक कमी. हे शाळेत शिकलोय, तरी इंग्रजी माध्यमातल्या आपल्या पोरांचा इथे हमखास गोंधळ होतो. दुसरं कारण आणखी साधं आहे. आपण जुनं पत्र उघडतो, आकडा बदलतो आणि कंसातले अक्षरी शब्द मागच्या पार्टीचेच राहतात. मी पाहिलेल्या पत्रांत आकडा आणि अक्षरं जुळत नाहीत, तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच निघतं.

आता फरक पडलाच, तर खरं काय धरायचं? चेकच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १८ नुसार आकडा आणि अक्षरं वेगळी असतील तर अक्षरी रक्कम खरी मानली जाते. प्रत्यक्षात बँक असा चेक बहुधा परतच पाठवते. पण हे कलम चेक, हुंडी, वचनचिठ्ठी यांच्यासाठी आहे. तुमचं पत्र त्यात येत नाही. पत्रात फरक असला की समोरचा अकाउंटंट कमी रक्कम धरणार किंवा "खुलासा करा" म्हणून फाइल बाजूला ठेवणार. दहा हजार तुमचे, महिनाही तुमचाच गेला.

म्हणून माझी पद्धत उलटी आहे. आधी अक्षरी रक्कम मोठ्याने म्हणत लिहा, मग ती वाचून आकडा लिहा. आकडा पाहून शब्द लिहिले की डोळा चूक झाकतो. शब्दांची सुरुवात "रुपये"ला चिकटून करा आणि शेवटी "फक्त" लिहा, म्हणजे पुढे-मागे काही घुसवता येत नाही. नुसतं "हजार रुपये" कधीही लिहू नका. मागे जागा असली की त्याचे "नऊ हजार" व्हायला वेळ लागत नाही. "एक हजार" लिहा. "दीड लाख", "अडीच हजार" हे बोलण्यात ठेवा, कागदावर "एक लाख पन्नास हजार". हाताने लिहिताना "सात"चा त आणि "साठ"चा ठ वेगळा दिसला पाहिजे.

अंकांचं आपल्याकडे एक वेगळंच दुखणं आहे. मराठी १ घाईत इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि मराठी ४ इंग्रजी 8 सारखा. एका पत्रात दोन्ही लिप्यांचे अंक मिसळले की वाचणारा अडखळतो. बिल इंग्रजी अंकांत असेल तर पत्रातही इंग्रजीच ठेवा. पत्र मराठीत आहे म्हणून काही बिघडत नाही.

आता तारीख. ०६/०५/२५ ही आपल्यासाठी ६ मे. पण समोरच्या ऑफिसात एक्सेलचं सेटिंग अमेरिकन असेल तर ती ५ जून होते. यात ३० दिवसांचा फरक आहे आणि तो पैशांचा फरक आहे. तुम्ही उद्यम नोंदणी केलेले सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असाल, तर २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे खरेदीदाराला लेखी करारातल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर ही मुदत १५ दिवसांची. मोजणी माल स्वीकारल्याच्या दिवसापासून होते, बिलाच्या तारखेपासून नाही. माल ६ मेला स्वीकारला तर ४५ दिवस २० जूनला संपतात. ५ जून धरलं तर २० जुलैला. म्हणून महिना शब्दात आणि वर्ष चार अंकी लिहा: ६ मे २०२५. बिलाची आणि चलनाची तारीख वेगळी असेल तर दोन्ही द्या.

तिसरी गोष्ट क्रमांक. "बिल क्र. ४७" याच्या आधी एक आकडा घातला की १४७ झालं. शिवाय कुठल्या वर्षाचं ४७? जीएसटीच्या नियमानुसार बिलाचा क्रमांक सलग, त्या आर्थिक वर्षात एकमेव आणि जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असावा लागतो. "०४७/२५-२६" असा ठेवला तर वर्षही कळतं आणि पुढे काही जोडायला जागा उरत नाही. बिलावर जसा आहे तसाच पत्रात उतरवा, तिरकी रेघ किंवा शून्यही न गाळता. पत्राला स्वतःचा जावक क्रमांक द्या आणि तो जावक वहीत लिहा.

आता तेच पत्र असं होईल:

"जा.क्र. ०१२/२५-२६, दिनांक १४ जुलै २०२५.
संदर्भ: बिल क्र. ०४७/२५-२६, दि. ६ मे २०२५. माल त्याच दिवशी चलनावर स्वीकारला.
बिलाची रक्कम रु. ६९,०००/- (अक्षरी रुपये एकोणसत्तर हजार फक्त).
दि. २ जून २०२५ रोजी मिळाले रु. २०,०००/- (अक्षरी रुपये वीस हजार फक्त).
बाकी रु. ४९,०००/- (अक्षरी रुपये एकोणपन्नास हजार फक्त)."

यात "लवकर", "उरलेली रक्कम" असे हवेतले शब्द नाहीत. तिन्ही रकमा दिसतात, त्यामुळे वजाबाकी कुणीही तपासू शकतो. वीस हजार बँकेतून आले असतील तर यूटीआर क्रमांकही त्याच ओळीत पूर्ण लिहा.

लिहिताना चूक झालीच तर व्हाइटनर लावू नका. पत्र पुन्हा छापा, दहा रुपयेही लागत नाहीत. चेकवर तर रकमेत किंवा नावात खाडाखोड चालतच नाही, नवा चेक लिहावा लागतो.

अर्थात, ज्याला खोटंच करायचंय तो कॉम्प्युटरवर तुमचं अख्खं पत्र नव्याने बनवू शकतो. तिथे "फक्त" कामाचं नाही. तिथे तुमच्याकडची दुसरी प्रत कामी येते, जिच्यावर त्यांच्या आवक विभागाचा शिक्का, तारीख आणि सही आहे. ही पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. दोन पानांचं पत्र असेल तर प्रत्येक पानावर "पान १/२", "पान २/२" लिहा आणि दोन्ही पानांवर सही करा.

आज रात्री तुमचं शेवटचं वसुली-पत्र काढा. आकडा झाका आणि फक्त अक्षरं वाचून रक्कम सांगा. मग बिल शेजारी ठेवा. जुळत नसेल तर उद्या सकाळी दुरुस्तीचं पत्र नव्या जावक क्रमांकाने जाऊ द्या, आणि त्यात आधीच्या पत्राचा क्रमांक व तारीख लिहायला विसरू नका.