पिठाचा कोंबडा आणि पडद्यावरचा राक्षस



दशलक्षण पर्वात आम्ही घणसोली गावातल्या आठ-दहा जणी दुपारी एकीच्या घरी स्वाध्यायाला जमतो. यंदा तिसऱ्या दिवशी पाठ संपल्यावर एक कागद फिरला. मुलांच्या मोबाईलमधल्या आणि कॉम्प्युटरवरच्या खेळांत देवदेवतांना, पुराणातल्या पुरुषांना पात्रं करून नाचवतात, हे विडंबन आहे, त्यावर बंदी आणा, असा त्यावर मजकूर होता. सगळ्यांनी भराभर सह्या केल्या. कागद माझ्याकडे आला तेव्हा मी तो पुढच्या वहिनींकडे सरकवला. "का गं, तुला पटत नाही?" असं काकूंनी विचारलं. तेव्हा चहा आला आणि उत्तर राहून गेलं. ते आज देते.

माझी मुलगी मास मीडिया शिकते. तिला या वर्षी एका पेपरात हाच विषय आहे: खेळ आणि लोकप्रिय कथा धर्मातून काय उचलतात, आणि त्यांचे चाहते त्यातून स्वतःचे विधी कसे बनवतात. अभ्यासासाठी तिने घरी 'राजी' नावाचा खेळ लावला आणि मला शेजारी बसवलं. हा खेळ आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने केला आणि २०२० मध्ये बाजारात आणला. त्यात राजी ही सर्कशीतली मुलगी आहे. महाबलासुराची राक्षससेना तिच्या भावाला, गोलूला, पळवून नेते. दुर्गा आणि विष्णू वरून तिची गोष्ट सांगतात, देव तिला त्रिशूळ आणि धनुष्य देतात, आणि ती राजस्थानी किल्ल्यांसारख्या वाड्यांतून राक्षसांना मारत भावाला शोधते. भिंतींवर पुराणातली चित्रं आहेत, मधली गोष्ट बाहुल्यांच्या छायाखेळासारखी उलगडते. मला त्यात विडंबन कुठे दिसलं नाही. ज्यांनी केलं त्यांनी मन लावून केलं आहे.

आता कागदावरच्या पहिल्या मुद्द्याकडे येते. पुराणातली पात्रं घेऊन नवी गोष्ट रचली म्हणून पाप लागत असेल, तर ते आधी आपल्याच आचार्यांना लागेल. विमलसूरींनी 'पउमचरियं' महाराष्ट्री प्राकृतात लिहिलं, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत. रविषेणाचार्यांचं संस्कृत पद्मपुराण त्याच वाटेने जातं. त्यात रावणाला दहा डोकी नाहीत. त्याच्या गळ्यातल्या रत्नहारात नऊ चेहऱ्यांची प्रतिबिंबं पडली म्हणून त्याचं नाव दशमुख. वानर ही माकडं नव्हेत, ध्वजावर वानराचं चिन्ह असलेले विद्याधर आहेत. आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे रावणाला राम मारतच नाहीत, लक्ष्मण मारतो. म्हणून राम मोक्षाला जातात आणि लक्ष्मण नरकात जातो. लहानपणी पाठशाळेत हे ऐकलं तेव्हा मी रडले होते. लक्ष्मण तर चांगला होता! पण पंडितजींनी समजावलं की चांगला असला तरी वध त्याच्या हातून झाला, आणि त्याचा हिशेब त्याच्याच खात्यावर पडणार.

म्हणजे आपल्या परंपरेने दुसऱ्यांची कथा घेतली, पात्रं घेतली, शेवट बदलला. पण एक गोष्ट सोडली नाही: मारणाऱ्याचा हिशेब. माझं म्हणणं एवढंच आहे की खेळांकडेही याच डोळ्याने पाहा. देवाचं चित्र वापरलं का, हा प्रश्न दुय्यम आहे. मारण्याचा हिशेब ठेवला का, हे आधी विचारा.

आता दुसरी बाजू. कागदावर सही करणाऱ्यांपैकीच दोघी दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "जाऊ दे गं, पडद्यावरचं मारणं खोटंच. त्यात कुठला जीव आहे?" हेही मला मान्य नाही, आणि इथे आपल्याकडे एक कथा आहे जी जगात कुणाकडे नसेल. यशोधर राजाची.

उज्जैनीच्या यशोधराला संसाराचा वीट आला होता. त्याने आईला, चंद्रमतीला, वाईट स्वप्न पडल्याचं सांगितलं. आई म्हणाली, देवीला पशूचा बळी दे, अरिष्ट टळेल. राजा नको म्हणाला. शेवटी मायलेकांनी मधला मार्ग काढला: खरा कोंबडा नको, पिठाचा करू. पिठाचा कोंबडा केला, देवीपुढे कापला, प्रसाद म्हणून खाल्ला. जीव कुणाचाच गेला नाही. तरी त्या एका कृत्यापायी आई आणि मुलगा पुढे मोर, कुत्रा, मासा, बोकड अशा योनींतून फिरले, आणि प्रत्येक जन्मात मारले गेले. शेवटी तर खरेच कोंबडे झाले. सोमदेवसूरींनी दहाव्या शतकात 'यशस्तिलक' लिहिलं ते याच कथेवर. जन्न कवीने १२०९ मध्ये ती कानडीत सांगितली, आणि मराठीतल्या जुन्या जैन कवींनीही ती गायली.

आपण घरात हत्ती-घोड्याच्या आकाराची बिस्किटं मुलांना देत नाही, त्यामागे हीच कथा आहे. पीठ मेलं नाही, पण ते कापताना मनाने कोंबडाच कापला. द्रव्यहिंसा झाली नाही, भावहिंसा झाली.

मग 'राजी' खेळणारी माझी मुलगी यशोधर झाली का? इथे घाई करू नका. राजाने कोंबडा मारायचाच म्हणून पिठाला कोंबडा मानलं, देवीला तो पोचावा अशी इच्छा धरली आणि नंतर खाल्ला. खेळणाऱ्या मुलाच्या मनात बहुतेक वेळा भाव असतो तो वाट सापडण्याचा, उडी नीट बसण्याचा, गोलूला सोडवण्याचा. ते आणि बळी एक नव्हे. पण त्याच मुलाला मारण्यातच गोडी वाटायला लागली, समोरचा विव्हळला की हसू यायला लागलं, तर पिठाचा कोंबडा झालाच म्हणून समजा. पडदा तोच असतो, बदलतो तो भाव. आणि भाव ओळखायला शेजारी बसावं लागतं. सहीच्या कागदाने तो कळत नाही.

माझी मुलगी नंतर मला म्हणाली, "आई, तुझ्या हिशेबाचा खेळ दाखवू?" तिने 'अंडरटेल' लावला. टोबी फॉक्स नावाच्या अमेरिकन तरुणाने तो २०१५ मध्ये आणला. एक मूल जमिनीखालच्या राक्षसांच्या जगात पडतं. प्रत्येक राक्षस समोर आला की त्याला मारता येतं, किंवा त्याच्याशी बोलून, त्याचं दुःख ओळखून सोडून देता येतं. मारलं की EXP वाढतो. बाकीच्या खेळांत EXP म्हणजे अनुभवाचे गुण. इथे शेवटाजवळ एक पात्र सांगतं की तो अनुभव नव्हेच, ते 'एक्झिक्युशन पॉइंट्स', म्हणजे केलेल्या वधांची मोजणी आहे. कुणालाही न मारता खेळ पुरा करता येतो. आणि कुणी सगळ्यांना मारून संपवलं, तर पुन्हा पहिल्यापासून चांगलं वागून खेळलं तरी शेवटावर त्याचा डाग राहतो. मी तिला म्हटलं, अगं हा तर कर्मबंध! ज्याने खेळ बनवला त्याने आपलं काही वाचलं असेल असं मी म्हणत नाही. पण हिशेब त्याने ठेवला आहे.

चाहत्यांनी यातून आणखी पुढची गोष्ट केली. ज्या खेळांत मारणं हाच मार्ग आहे, तिथेही काही जण न मारता खेळायचा नियम स्वतःवर घालून घेतात. २०१४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या लढाईच्या खेळात डबलएजंट नावाचं एक पांडा-पात्र सर्वांत वरच्या, नव्वदाव्या पायरीवर पोचलं, ते फुलं तोडून आणि खाणीतून धातू काढून. फुलं तोडणं आपल्याला तेही पूर्ण चालत नाही, एकेंद्रिय का होईना जीव आहे! पण विचार करा, लढून चटकन चढता येतं तिथे एकाने कित्येक महिने फुलं वेचली. त्याला कुणी व्रत दिलं नव्हतं. माझा भाचा असाच एक खेळ न मारता खेळतो. चुकून एक जण मेला तर पहिल्यापासून सुरू करतो. "मावशी, हे प्रायश्चित्त," म्हणतो. शब्द पाठशाळेतला आहे, त्याने तो स्वतः तिथे नेऊन ठेवला.

यातही खोट शिरू शकते, हे सांगायलाच हवं. न मारता खेळल्याची चित्रफीत टाकून वाहवा मिळवायची, तर क्रोध गेला आणि मान आला. कषाय बदलला, सुटला नाही.

आणि माझी खरी तक्रार ज्या खेळांवर आहे, ते कागदावर नव्हतेच. जपानमध्ये २०१५ साली आलेला 'फेट/ग्रँड ऑर्डर' घ्या. त्यात अर्जुन आहे, आपला लाडका कर्णही आहे. पण ते मिळतात सोडतीतून. स्फटिक खर्च करायचे, ते संपले की खरे पैसे देऊन आणखी घ्यायचे, आणि ओढायचं. सर्वांत वरच्या दर्जाचा वीर निघण्याची शक्यता शंभरात एक. म्हणजे शंभर वेळा ओढूनही शंभर जणांपैकी साधारण ३७ जणांच्या हाती एकही येत नाही. मग चाहते विधी करतात. हवा असलेल्या वीराची मूर्ती फोनशेजारी मांडतात, त्याच्याशी नातं असलेल्या वस्तू जमवतात, ठरावीक वेळ पाळतात. ही आराधनाच आहे, फक्त समोर लोभ बसवला आहे. कर्णाला पात्र केलं याचं मला दुःख नाही. ज्याने कवचकुंडलं काढून दिली त्या दानशूराला सोडतीत ठेवलं, याचं आहे.

म्हणून काकू, मी सही केली नाही. त्या कागदाने पुण्याचा 'राजी' बंद होईल, 'अंडरटेल' बंद होईल, आणि सोडतीचा खेळ देवांची नावं बदलून चालूच राहील. तुम्हाला कागद काढायचाच असेल तर सोडतीतल्या पैशांवर काढा, मी पहिली सही करेन. आणि पुढच्या चतुर्दशीला उपवासाबरोबर मुलांकडून मोबाईलचा त्याग करून घेण्याआधी एकदा त्यांच्याशेजारी बसा. यशोधराची गोष्ट सांगा, आणि मग त्यांनाच विचारा, तुझ्या खेळात पिठाचा कोंबडा कुठे आहे. माझ्या भाच्याने उत्तर द्यायला दोन दिवस घेतले. मग एक खेळ त्याने स्वतःच काढून टाकला. कुठला, ते मी विचारलं नाही.