रात्री ड्रायव्हिंगला पिवळा गॉगल? नकोच!

कांद्याची गाडी घेऊन रात्री नामपूरहून मालेगावकडे निघताना पिवळा गॉगल लावावासा वाटतो. समोरच्या हेडलाइटचा त्रास कमी वाटतोही. पण ही काच निळा प्रकाश अडवते. डोळ्यांत पोहोचणारा एकूण प्रकाश घटतो आणि अंधारातला पादचारी दिसायला मदत होत नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये सिम्युलेटरवर झालेल्या अभ्यासात हेच आढळले. रात्री साधी, स्वच्छ काचच बरी. पिवळी ठेवा ढगाळ सकाळच्या सायकलिंगला.

दिवसा गाडी चालवताना करडी घ्या. ती सगळे रंग सारखेच मंद करते, त्यामुळे सिग्नल ओळखू येतो. उन्हात सायकलवर तपकिरी. खड्ड्यांच्या कडा उठून दिसतात. समुद्रकिनारी हिरवी चालेल, पण पाण्याची चकाकी रंगाने नव्हे, पोलराइज्ड काचेने जाते.