श्रेणीआधी शेरा द्या

समग्र प्रगतिपत्रक शाळांत येत असताना आमची भूमिका स्पष्ट आहे : तपासलेल्या वहीवर आधी शेरा यावा, विद्यार्थ्याने चूक दुरुस्त करावी आणि श्रेणी त्यानंतरच द्यावी.

दोन्ही एकदम दिल्यास काय होते, हे रूथ बटलर यांच्या १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, इस्रायली शाळांतील अभ्यासात दिसले. फक्त शेरे मिळालेली मुले पुढच्या कामात सुधारली. फक्त गुण मिळालेली सुधारली नाहीत आणि गुणांसोबत शेरा मिळालेलीही नाहीत. आकडा दिसला की मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावते, शेरा वाचायचा राहून जातो. शिक्षकांची मेहनत तिथेच वाया जाते.

अर्थात कोणताही शेरा चालत नाही. १/२ + १/३ = २/५ असे लिहिणाऱ्या मुलीला ‘सराव वाढवावा’ वाचून काहीच कळत नाही. ‘बेरीज १/२ पेक्षा लहान कशी आली? छेद समान करून पुन्हा सोडव’ एवढे लिहिले, तर ती लगेच कामाला लागते. वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्यांतून उतरवलेली वाक्ये हे करू शकत नाहीत. ती दप्तरासाठी असतात, मुलासाठी नव्हे.

मोठ्या वर्गात प्रत्येक वहीवर असे लिहिणे शक्य नाही, हे मान्य. म्हणूनच शिक्षण विभागाने नोंदींची संख्या घटवावी, प्रत्येक घटकातील एकच कृती सविस्तर तपासायला सांगावी आणि दुरुस्तीसाठी वेळापत्रकात तासिका राखून ठेवावी. ती न देता नवे पत्रक लादले, तर त्याचे रकानेही तयार याद्यांतूनच भरले जातील.