पदवी हाती आली, पुढे?

पुतणीनं राहुरीहून बी.एस्सी. ॲग्री केलं आणि घरात चार मतं झाली. सासऱ्यांना ती कृषी अधिकारी व्हायला हवी. लोकसेवा आयोगाची परीक्षा चांगलीच, पण जाहिरात कधी निघेल याचा नेम नाही. संशोधन म्हणजे आधी एम.एस्सी., मग पीएच.डी.; आणखी पाच-सहा वर्षं सहज जातात. बियाण्यांच्या कंपनीत पगार लगेच, पण विक्रीचं लक्ष्य गाठायला खेडोपाडी फिरती.

त्यातच एक दुकानदार आले. "ताईंचं फक्त प्रमाणपत्र द्या, दरमहा पैसे पोचवू." कीटकनाशकांच्या परवान्याला शेतीचं किंवा विज्ञानाचं शिक्षण लागतं ना! मी म्हटलं, नको गं बाई. उद्या बनावट औषध सापडलं तर जाब तुलाच विचारतील.

आता ती स्वतःचंच कृषी सेवा केंद्र काढणार म्हणते. केंद्र सरकारच्या २००२ पासूनच्या कृषी चिकित्सालय योजनेत ४५ दिवसांचं मोफत प्रशिक्षण मिळतं. पुढे बँकेचं कर्ज घेतलं, की प्रकल्पखर्चावर स्त्रियांना ४४ टक्के अनुदान असतं. दहा लाखांवर चार लाख चाळीस हजार! जाऊबाई हरखल्या. पण ही रक्कम हातात पडत नाही. ती बँकेत वेगळी राहते आणि शेवटी कर्जात वळती होते.

आणि खरी अडचण उधारीची. जूनमध्ये दिलेल्या बियाणं-खताचे पैसे सोयाबीन विकल्यावर, म्हणजे दिवाळीच्या सुमारास येतात. तोवर घाऊक व्यापाऱ्याला काय द्यायचं? तेवढं भांडवल कुठून आणायचं, यावर सध्या रोज रात्री जेवणानंतर वही उघडली जाते.